पीएफच्या पहिल्या वर्षी व्याज निम्मंच का दिसतं?

"महिन्याला ५,००० म्हणजे वर्षाचे ६०,००० झाले. ८.२५ टक्क्यांनी ४,९५० व्याज हवं, पासबुकात २,२६९च! बाकीचं व्याज खाल्लं."

कुणी काही खाल्लेलं नाही. व्याज वर्षअखेरीस एकदाच जमा होतं, पण मोजलं जातं दर महिन्याच्या शिलकीवर, आणि भरलेल्या रकमेला ते पुढच्या महिन्यापासून लागू होतं. एप्रिलमध्ये जमा झालेल्या ५,००० ना ११ महिन्यांचं, मेमधल्यांना १० महिन्यांचं, मार्चमधल्यांना शून्य. एकूण महिने ६६. म्हणून ५,००० × ६६ × ८.२५ ÷ १,२०० = २,२६८.७५, म्हणजे २,२६९.

दुसऱ्या वर्षी चित्र पालटतं. आरंभीच्या ६२,२६९ वर पूर्ण वर्षाचे ५,१३७ मिळतात, नव्या हप्त्यांवर पुन्हा २,२६९. अखेरची शिल्लक १,२९,६७५. दर हाच राहिला तर दहा वर्षांनी सुमारे ९.१३ लाख, त्यात तुमचे सहाच लाख.

तक्रार करायचीच तर वेगळ्या गोष्टीची करा. पासबुकात हप्ता जमा झाल्याच्या तारखा पाहा. कंपनीने दोन महिने उशिरा भरला असेल, तर तक्रार त्याची करा.