अकराची मुलाखत, पहाटे चारचं पोट

मुलाखतीच्या दिवशी उमेदवार आजारी पडला की रिक्रूटरच्या मनात आधी काळजी येत नाही, शंका येते. याला दुसरीकडून ऑफर आली असणार! तिचंही काय चुकलं? नव्वद दिवसांच्या नोटिस पिरियडमध्ये लोक एक ऑफर दाखवून दुसरी वाढवून घेतात आणि मुलाखत चुकवायला गावाकडची एकच आजी वर्षातून तीनदा देवाघरी धाडतात.

अशा या जगात मला पहाटे चारपासून खरेखुरे जुलाब सुरू झाले. मुलाखत अकराला, व्हिडिओवर. आईनं मीठ-साखरेचं पाणी हातात दिलं आणि म्हणाली, "फोन दे, मी बोलते तिच्याशी." बाबांचा सल्ला, "गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठव." हिचं म्हणणं, "कॅमेरा बंद ठेवून दे की!" कॅमेऱ्याचा प्रश्नच नव्हता, माइकचा होता.

नुसतं कॅलेंडरवर 'डिक्लाइन' दाबणं सोपं होतं. पण त्या अकराच्या वेळेसाठी रिक्रूटरनं पॅनेलमधल्या तीन साहेबांच्या मिनतवाऱ्या केलेल्या असतात. मी दहा पन्नासला कळवलं, तर तोंडघशी ती पडते. सातला कळवलं, तर निदान त्या वेळेत ती दुसऱ्या कुणाला तरी बसवू शकते. म्हणून आमंत्रणाच्याच मेलला उत्तर दिलं, म्हणजे तिला माझं नाव शोधत बसायला नको. "सकाळपासून तब्येत अचानक बिघडली आहे, आज मुलाखत देऊ शकणार नाही. ऐन वेळी कळवतोय, माफ करा. या जागेसाठी मी अजूनही उत्सुक आहे. गुरुवारी दुपारी तीननंतर किंवा शुक्रवारी कधीही चालेल." जुलाब हा शब्द कटाक्षानं टाळला, 'तब्येत' या शब्दात सगळं मावतं.

आज मंगळवार. उत्साहाच्या भरात 'उद्या चालेल' लिहिणार होतो, पण तारीख पोटाला विचारूनच द्यायची होती. आजार एकदा खपतो. दुसऱ्यांदा मुलाखत पुढे ढकलली की आपण आजीवाल्यांच्या रांगेत.

नऊला दोन फेऱ्यांच्या मधली वेळ साधून फोन केला, कारण सकाळी सातची मेल अकरापर्यंत न वाचली जाणं सहज शक्य असतं.

"मॅडम, मेल पाहिली का?"

"आत्ताच, सर. काय होतंय?"

"पोट."

पलीकडे क्षणभर शांतता. मग एकदम मऊ आवाजात, "ओआरएस घ्या हं, सर. सर्टिफिकेट वगैरे नको. शुक्रवार बघते."

मी आणखी खुलासा करणार होतो, पण पोटानं फोन ठेवायला लावला.

शुक्रवारी सकाळी मी दहीभात खाऊन, इस्त्रीचा शर्ट चढवून बसलो, तर तिचीच मेल. पॅनेलमधल्या एका साहेबांची तब्येत अचानक बिघडली आहे, सोमवार चालेल का? मी लगेच लिहिलं, "हो, जरूर. साहेबांना काळजी घ्यायला सांगा." पोटच का, हे विचारलं नाही.