निकाल लागला म्हणतात, मग आमच्या पोरीचा कुठाय?

आज दुपारी भाचीने व्हॉट्सॲपवर तिच्या विद्यापीठाच्या एका नोटिसीचा फोटो पाठवला, तेव्हापासून डोकं ठिकाणावर नाही. ज्यांचा प्रवेश प्रोव्हिजनल आहे त्यांनी ३० सप्टेंबरपर्यंत पदवी पास झाल्याचा पुरावा जमा करावा, नाहीतर प्रवेश रद्द समजावा, वेगळी सूचना दिली जाणार नाही. खाली नावांची यादी आणि त्यात भाचीचं, म्हणजे आमच्या पोरीचं नाव.

पोरगी अमळनेर तालुक्यातली, बापाची कापसाची शेती. बीएस्सी केमिस्ट्री जवळच्याच कॉलेजातून केली, शेवटच्या वर्षाला असतानाच सीयूईटी पीजी दिली आणि दक्षिणेतल्या एका केंद्रीय विद्यापीठात एमएस्सीला नंबर लागला. फॉर्म भरताना शेवटच्या वर्षाच्या मार्कांच्या जागी 'रिझल्ट अवेटेड' निवडायचं असतं, ते निवडलं. प्रवेशाच्या वेळी हमीपत्र दिलं की ठरलेल्या तारखेपर्यंत निकाल आणून देईन, नाही दिला तर प्रवेशावर माझा हक्क राहणार नाही. त्यावर पोरीची सही आणि दाजींची सही. ज्यांच्या हातात निकाल आहे त्यांच्यापैकी कोणाचीच सही त्या कागदावर नाही, हे मला आज दुपारपासून खुपतंय.

आता झालं काय ते सांगतो, कारण हे तुमच्याही घरी होऊ शकतं. सहाव्या सेमिस्टरचा निकाल जुलैमध्ये लागला. सगळ्या मैत्रिणी पास आणि हिच्या नावापुढे 'राखीव'. नापास नाही, राखीव. का? तर पाचव्या सेमिस्टरच्या एका प्रॅक्टिकलचे अंतर्गत मार्क कॉलेजकडून पोर्टलवर चढलेच नव्हते, तिथे ती गैरहजर दिसत होती. पाचव्याचा निकाल आला तेव्हाच पोरगी सरांकडे गेली होती, सर म्हणाले सगळ्यांच्या दुरुस्त्या एकदम पाठवू, काळजी करू नको. प्रॅक्टिकलच्या हजेरीपटावर तिची सही आहे, जर्नल तपासलेलं आहे, लेखी पेपर पास आहे. पण सहाही सेमिस्टर पूर्ण झाल्याशिवाय अंतिम सीजीपीए निघत नाही, त्यामुळे एका रिकाम्या रकान्याने अख्खी पदवी अडवली.

ऑगस्टपासून पोरगी तिकडे वर्गात बसतेय, लॅब सुरू झालीय, होस्टेल मिळालंय, फी भरलीय. इकडे मी कॉलेज आणि परीक्षा विभाग यांच्यात चकरा मारतोय. कॉलेज म्हणतं आम्ही पत्र पाठवलं, परीक्षा विभाग म्हणतो पत्र मिळालं पण सोबत मूळ गुणपत्रक जोडलेलं नाही, मग ते जोडून पुन्हा पाठवलं तर आज उत्तर मिळालं, 'पुढच्या लॉटमध्ये होईल.' पुढचा लॉट कधी? ते कोणाला माहीत नाही!

आता कायदा बघा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ म्हणतो, परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी ४५ दिवसांच्या आत लावावाच. कागदावर आमच्या पोरीच्या परीक्षेचा निकाल वेळेत 'जाहीर' झालाय. जाहीर झालेल्या निकालात राखीव किती राहिले हे कोण विचारतं? संस्थेसाठी निकाल लागला, पोरीसाठी नाही, आणि हमीपत्राला पोरीचा निकाल हवाय.

बरं, तारीख नकोच असं माझं म्हणणं नाही. वर्गात बसलेला पोरगा पदवीलाच नापास निघाला तर त्याची जागा वर्षभर वाया जाते आणि वेटिंगवरचा घरी बसतो, हे मान्य. ज्याचा पेपर राहिलाय त्याची पुढची परीक्षा हिवाळ्यात, त्याच्यासाठी जागा अडवून ठेवता येणार नाही, हेही मान्य. पण ज्याचा पेपर राहिला तो आणि ज्याचे मार्क दुसऱ्याने चढवले नाहीत तो, या दोघांना एकाच तारखेला एकच शिक्षा कशी?

अट दोन प्रकारे घालता येते. एक, प्रवेशाच्या दिवसापर्यंत शेवटच्या वर्षाची सगळी परीक्षा, प्रॅक्टिकलसकट, देऊन झालेली असावी. ही अट विद्यार्थ्याच्या हातातली आहे, ती कडक ठेवा, माझी हरकत नाही. दुसरी, अमुक तारखेपर्यंत निकालाचा कागद आणा. हा कागद काढणं विद्यार्थ्याच्या हातात नसतंच, मग तो उशिरा आला म्हणून प्रवेश का जावा? पदवीच्या विद्यापीठाने लेखी कळवलं की उशीर आमच्याकडून आहे, तर मुदत आपोआप वाढली पाहिजे. काही ठिकाणी अशा पत्रावर मुदत वाढवून देतातही, पण ती मेहेरबानी म्हणून, विभागप्रमुखांच्या मर्जीवर. मेहेरबानी कशाला, नियमच करा ना.

संध्याकाळी घरी आलो तर आई दारातच, 'पोरनं नाव काढी टाकतीन का रे भाऊ?' काय सांगू तिला. घराण्यातली पहिली पोरगी एवढ्या लांब शिकायला गेलीय. परीक्षा विभागातल्या त्या क्लार्कचाही राग राग केला मी आज, आता लिहिताना वाटतंय की त्याच्या टेबलावर सगळ्या कॉलेजांच्या दुरुस्त्यांचे गठ्ठे होते आणि माणूस तो एकटा. त्याने माझ्यासमोर हिचा अर्ज वर काढून ठेवला, एवढं खरं. पण दोन माणसं जास्त द्यायचा निर्णय ज्यांच्या हातात आहे त्यांच्यापर्यंत आपला आवाज जातच नाही.

आणि अजून एक मेख आहे. दुरुस्ती होऊन मार्कशीट निघाली समजा ऑक्टोबरमध्ये, तर तिच्यावर तारीख कुठली येणार? बऱ्याच मार्कशीटवर निकाल जाहीर झाल्याची तारीख वेगळी आणि कागद काढल्याची वेगळी असते. निकालाची तारीख जुलैचीच राहिली तर मुदतीच्या आत पास झाली हे निदान दाखवता येतं. तिथेही ऑक्टोबर छापलं तर तिकडच्या ऑफिसात मुदतीनंतर पास झालेली ठरणार. म्हणून आज मी अर्जात स्पष्ट लिहून दिलंय की मूळ निकालाचीच तारीख कायम ठेवावी.

उद्या कॉलेजला जाऊन प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचं पत्र घेणार आहे. पाचव्या सेमिस्टरच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थिनी हजर होती, मार्क पाठवण्यात कॉलेजकडून विलंब झाला, कुठलाही विषय बॅकलॉग नाही, अशी तीन वाक्यं त्यात हवीत. नुसतं 'निकाल प्रलंबित आहे' असं गुळमुळीत पत्र देतात, ते चालत नाही, त्यावरून पोरगी नापास आहे की मार्क अडकलेत हे तिकडच्याला कळत नाही. ते पत्र आणि ऑनलाइन निकालाची प्रिंट जोडून पोरगी मुदतवाढीचा अर्ज ३० तारखेच्या आधीच देईल आणि पोच घेईल. मुदत संपल्यावर दिलेला अर्ज कोणी वाचत नाही.

ज्यांची पोरं यंदा शेवटच्या वर्षाला आहेत आणि बाहेर पीजीचे फॉर्म भरणार आहेत, त्यांनी आजच पहिल्या सेमिस्टरपासूनच्या सगळ्या मार्कशीट काढून अंतर्गत मार्कांचा एकेक रकाना बघा. कुठे रिकामं किंवा गैरहजर दिसलं तर कॉलेजकडून लेखी दुरुस्ती जाऊ द्या आणि जावक क्रमांक स्वतःकडे लिहून ठेवा. 'एकदम पाठवू' म्हणाले तरी ऐकू नका.

परीक्षा विभागात वरपर्यंत कोणाची ओळख असेल तर आज रात्रीच फोन करा मला. लाइक नकोत, फोन हवाय.