थॅलसेमियाचा रिपोर्ट: 'वेगळी पट्टी नाही म्हणजे कॅरियर नाही' हे कुठे गंडतं

फॉरवर्ड असा फिरतोय: "थॅलसेमिया मायनरचा रिपोर्ट घरीच वाचा!! १) इलेक्ट्रोफोरेसिसच्या फोटोत वेगळी पट्टी दिसत नसेल तर तुम्ही कॅरियर नाही. २) A2 ३.५ च्या खाली म्हणजे १००% नॉर्मल, लग्नाला मोकळे. ३) A2 च्या जागी जाड पट्टी, २५-३० टक्के दिसले तर थॅलसेमिया मेजर. पुढे पाठवा."

परळच्या बाजूला लॅबमध्ये काम करतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवलं नाही. आधी एवढं लक्षात घ्या: मायनर म्हणजेच कॅरियर, दोनपैकी एकच जीन बिघडलेली, आणि मेजर म्हणजे दोन्ही बिघडलेल्या, तो गंभीर आजार.

पहिला मुद्दा. मोठ्या माणसाच्या रक्तात मुख्य हिमोग्लोबिन A, आणि सोबत थोडंसं A2, साधारण दोन-तीन टक्के. A मध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात, A2 मध्ये बीटाच्या जागी डेल्टा. बीटा थॅलसेमियाच्या कॅरियरमध्ये बीटाच्या दोनपैकी एक जीन काम कमी करते किंवा अजिबात करत नाही, पण जे बीटा बनतं ते अगदी नेहमीचंच असतं. मग वेगळी पट्टी येणार कुठून? इलेक्ट्रोफोरेसिसच्या जेलवर पट्ट्या वेगळ्या होतात त्या विद्युतभारामुळे. सॅम्पल एका टोकाला लावायचं, करंट सोडायचा, A सगळ्यात पुढे पळतं, त्याच्या मागे F म्हणजे गर्भातलं हिमोग्लोबिन, मग सिकलसेलचं S, आणि A2 सुरुवातीच्या रेषेजवळच रेंगाळतं. सिकलसेलमध्ये बीटा साखळीतलं एक अमिनो आम्ल बदलतं, त्याने भार बदलतो, म्हणून S ची वेगळी पट्टी पडते. थॅलसेमियात भार बदलतच नाही. फरक फक्त प्रमाणात पडतो, A2 अडीच टक्क्यांवरून चार-साडेचार-पाचवर जातं.

आता मोबाईलने काढलेल्या फोटोत, फिकट रंगवलेल्या जेलवर, अडीच टक्के आणि साडेचार टक्के यातला फरक डोळ्याने ओळखून दाखवा बरं. सॅम्पल थोडं जास्त लागलं तरी पट्टी जाड दिसते. एवढ्याशा पट्टीची मोजणी जेल स्कॅन करून केली तरी भरवशाची येत नाही, म्हणून आता A2 चा आकडा हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी नाहीतर कॅपिलरी मशीनवर काढतात, आणि तुमच्या हातात जो "फोटो" असतो तो बहुतेक वेळा पट्ट्यांचा नसून डोंगरांसारखा आलेख असतो. एचपीएलसीच्या त्या आलेखात मधला उंच सुळका A0, त्याच्या उजवीकडे, आडव्या रेषेवरच्या साडेतीन मिनिटांच्या आसपास छोटी टेकडी ती A2. टेकडीची उंची बघू नका, खालच्या तक्त्यात A2 समोर जो टक्का छापलाय तो बघा. आणि A0 च्या आधी P2, P3 नावाच्या दोन बारक्या टेकड्या असतात त्या बघून लोक घाबरतात, "दोन जास्तीच्या पट्ट्या आल्या" म्हणून, तर ती A चीच थोडी बदललेली रूपं आहेत, साखर चिकटलेलं A वगैरे, सगळ्यांच्यात सापडतात.

दुसरा मुद्दा सगळ्यात घातक, कारण अर्धा बरोबर आहे. ३.५ किंवा त्याच्या आसपासची रेषा बऱ्याच लॅब वापरतात हे खरं. पण A2 एकटं वाचायचंच नसतं, सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, शेजारी ठेवून वाचायचं असतं. उदाहरण म्हणून एक मुलगी धरू, घाटकोपरची, वय २५, लग्न ठरलंय. हिमोग्लोबिन ८.९, लाल पेशी ५१ लाख, एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार ५८, एमसीएच म्हणजे एका पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन १७.५, आणि A2 आलं ३.४. फॉरवर्डच्या हिशोबाने मोकळी. पण थांबा, हिमोग्लोबिन एवढं कमी असताना लाल पेशींची संख्या ५१ लाख? नुसत्या लोहाच्या कमतरतेत हिमोग्लोबिन असं खाली गेलं की पेशींची संख्याही बहुतेक वेळा घसरते. इथे पेशी भरपूर, पण बारक्या आणि रिकाम्या, इथेच शंका यायला हवी. लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन केलं तर ५, म्हणजे लोह पण संपलेलं. लोह फार कमी असलं की A2 थोडं खाली दबतं, आणि कॅरियरचा आकडा रेषेच्या आत घसरू शकतो. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊन पुन्हा टेस्ट केली: हिमोग्लोबिन ११.१, लाल पेशी ५६ लाख, एमसीव्ही ६४, एमसीएच १९.८, A2 ४.०. लोह भरून निघालं तरी पेशी बारक्याच राहिल्या आणि A2 वर आलं. ही कॅरियर आहे, पहिल्या दिवसापासून होती.

(म्हणून कोणाचं एमसीव्ही कमी दिसलं की फेरिटिन न बघता वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत बसणं हेही मला पटत नाही, पण तो वेगळा विषय.)

उलटंही होतं. बी१२ कमी असेल तर A2 थोडं वर चढू शकतं, एमसीव्ही ९८ आणि A2 ३.७ अशी काहीतरी विचित्र जोडी दिसते, तिथे बी१२ भरून पुन्हा बघायचं. आणि काही म्युटेशनच, म्हणजे जीनमधले बदलच, सौम्य असतात, आपल्याकडे सापडणारं कॅप प्लस वन हे त्यातलं, त्यात A2 आणि एमसीव्ही दोन्ही रेषेवर किंवा नॉर्मलच येऊ शकतात. तिथे मशीन संपतं आणि डीएनए टेस्ट सुरू होते. जोडीदार पक्का कॅरियर असेल आणि तुमचा A2 ३.३ ते ३.९ च्या मधे लटकत असेल तर ती करायलाच हवी. मुंबईत यासाठी केईएमच्या आवारातली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. अल्फा थॅलसेमियाच्या कॅरियरमध्ये तर A2 वाढतच नाही, त्यामुळे नॉर्मल A2 ने अल्फा सुटला असं म्हणता येत नाही.

तिसरा मुद्दा पटकन. बीटा थॅलसेमियाच्या कॅरियरचं A2 एवढं कधी चढत नाही. A2 च्या जागी २५-३० टक्के आणि बाकीचं बहुतेक A, असं दिसलं की पहिली शंका हिमोग्लोबिन E या वेगळ्या प्रकाराची, बंगाल आणि ईशान्येकडच्या लोकांत बरंच सापडतं. एचपीएलसीवर E आणि A2 एकाच जागी येतात, साध्या अल्कलाइन जेलवरही तसंच, कॅपिलरीवर मात्र दोघं वेगळे होतात. आईवडिलांपैकी एकाकडूनच E आलेला माणूस स्वतः ठणठणीत असतो, मेजर नव्हे. मेजरमध्ये F खूप वाढलेलं असतं, A अगदी कमी किंवा नसतंच, आणि ते मूल लहानपणीच रक्त चढवायला येतं, तिशीतल्या माणसाला फॉरवर्ड वाचून कळत नाही. पण E असलेल्याचा जोडीदार बीटा कॅरियर असेल तर मुलांना गंभीर आजार होऊ शकतो, त्यामुळे जोडीदाराची टेस्ट चुकत नाही.

आणि हे कोणत्याच फॉरवर्डमध्ये नसतं: गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर आलेखात दात्याचं रक्तही मिसळलेलं असतं, तो रिपोर्ट वाचूच नका, आणि टेस्ट करताना लॅबला तसं सांगा. वर्षाच्या आतल्या बाळाचंही तेच, F मुळात जास्त आणि A2 अजून पूर्ण बनलेलं नसतं.

वरच्या मुलीच्या जागी कोणी आधीच गरोदर असेल तर लोहाचे तीन महिने थांबायचं नाही, एमसीव्ही ५८ दिसल्याबरोबर त्याच आठवड्यात नवऱ्याचं सीबीसी आणि A2 करायचं, लोह सोबत चालू ठेवायचं. नवरा स्पष्ट नॉर्मल निघाला तर घाई संपली. तोही कॅरियर निघाला तर प्रत्येक गरोदरपणात मेजरची शक्यता चारात एक, आणि गर्भाची तपासणी दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास होते, तीही दोघांची म्युटेशन आधी माहीत असतील तरच सोपी जाते.