परदेशातून: 13 ची प्लेट

"मावशी, इतकी वर्षं यूकेत राहून तुम्ही दोघं अजून तीच जुनी जॅझ चालवताय? तुमच्या मागून गेलेल्यांचं इन्स्टा बघ, कोणाकडे बीएमडब्ल्यू, कोणाकडे टेस्ला. आणि मी फोन ईएमआयवर घेतला की तू लगेच आईचे कान भरणार!" (पुण्याहून भाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर)

अरे, फोटोत गाडी नीट बघ, पण गाडीवरची नंबर प्लेटपण बघ. इथे प्लेटवरच लिहिलेलं असतं गाडी किती जुनी ते. मार्चमध्ये नवीन आकडा येतो, सप्टेंबरमध्ये त्यात पन्नास मिळवून अजून एक, म्हणजे 24 ची प्लेट मार्च 2024 ची आणि 74 ची त्याच सप्टेंबरपासूनची. आमची 13 आहे, म्हणजे सगळ्या गल्लीला माहितीये. म्हणूनच मार्च-सप्टेंबर आला की शोरूममध्ये झुंबड उडते, आणि मंडळाच्या गणपतीत पार्किंगमध्ये लोक आधी प्लेटा वाचतात मग आरतीला येतात (हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये). गंमत म्हणजे कायद्याने तुम्ही नव्या गाडीला जुन्या आकड्याची प्लेट लावू शकता, जुनीला नव्याची नाही.

आता त्या फोटोतल्या गाडीचा हिशोब. इथे नवी गाडी बहुतेक लोक फायनान्सवरच घेतात, आणि त्यातला सगळ्यात चालणारा प्रकार म्हणजे पीसीपी, पर्सनल कॉन्ट्रॅक्ट पर्चेस. समज गाडी 40 हजार पाउंडांची. 4 हजार डिपॉझिट भरलं, 36 हजारांचं कर्ज, चार वर्षं, व्याज 8.9 टक्के. साध्या कर्जात हप्ता बराच मोठा आला असता. पण पीसीपीत कंपनी आधीच सांगते की चार वर्षांनी गाडीची किंमत अमुक, समज 17 हजार, आणि ते 17 हजार शेवटी एकदम भरायचे, तोपर्यंत त्यांच्यावर फक्त व्याज चालू राहतं. म्हणून महिना 590 च्या आसपास बसतो आणि माणूस म्हणतो परवडतंय की. चार वर्षांत डिपॉझिट धरून 32 हजारांच्या वर जातात, आणि तेव्हा हातात गाडी नसते, तीन पर्याय असतात: 17 हजार भरून ठेवा, किल्ली परत करा, नाहीतर नवीन पीसीपी काढा. शोरूमवाल्याला अर्थातच तिसरा हवा असतो, त्यामुळे मुदत संपायच्या कितीतरी आधी त्याचा फोन येतो, नवीन प्लेट आलीये म्हणून.

आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच अडकला. इलेक्ट्रिक घेतली होती, मध्येच जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांचे भाव पडले, आणि गाडी विकून जेवढे येणार त्यापेक्षा कर्ज जास्त. वर वर्षाला 8 हजार मैलांची मर्यादा घेतलेली कारण त्याने हप्ता कमी होतो, आणि ऑफिस बदलल्यावर रोजचं जाणंयेणं वाढलं, आता परत करताना जास्तीच्या प्रत्येक मैलाचे पैसे द्यायचे. तो मंडळात म्हणाला, "काही नाही, निम्मी मुदत झाली की गाडी परत करता येते, कायदाच आहे." तिथे सांगलीचे एक काका होते, आयुष्य कार फायनान्सच्या ऑफिसात गेलेलं. ते म्हणाले, "कायदा आहे, 1974 चा आहे, पण निम्मे महिने नाही रे, निम्मी रक्कम. आणि त्या रकमेत शेवटी एकदम भरायचे पैसेपण धरतात." वरच्या आकड्यांवर हिशोब केलास तर एकूण देणं 49 हजारांच्या वर, त्याचं निम्मं साडेचोवीस हजारांच्या पुढे, आणि डिपॉझिट धरून तिथे पोचायला 24 नाही, 35-36 हप्ते लागतात. पोरगं गप्पच झालं. इन्स्टावर मात्र गाडी अजून आहे.

म्हणजे पीसीपी घेणारे सगळे मूर्ख असं मी म्हणत नाही. वॉरंटीतली गाडी हवी, कटकट नको, हिशोब माहितीये, तर घ्या ना. माझं भांडण त्या फोटोशी आहे, कारण तो पुण्यात पोचेपर्यंत भाड्यासारखी असलेली गाडी त्या माणसाची कमाई वाटायला लागते.

तुझ्या फोनचं आता. मी तक्रार केली नव्हती, तुझ्या आईला विचारलं होतं, कारण ती सहकारी बँकेत कर्जं बघते. तिने सरळ मांडून दाखवलं. 80 हजारांचा फोन, 12 महिने, हप्ता 6,667, "नो कॉस्ट". 2013 सालीच रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. बँक व्याज लावतेच, फक्त विक्रेता तेवढी सूट आधी देतो. 16 टक्क्यांनी धरलं तर कर्ज साडेत्र्याहत्तर हजारांचं, व्याज साडेसहा हजार, आणि क्रेडिट कार्डावरचा ईएमआय असला की त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तू भरतोस, अकराशे-बाराशे, वर प्रोसेसिंग फी. एकूण दीडेक हजार. हे काही लुटणं नाही, मीपण तिला तेच म्हटलं. ती म्हणाली, "दीड हजारांचं कोण बोलतंय, ऐंशी हजार रोख मोजायचे असते तर त्याने हा फोन घेतला असता का ते विचार." आणि तुझ्या फोनचे हप्ते संपायच्या आत घड्याळाचे सुरू झालेत, हेही तीच म्हणाली, मी नाही.

मग आमचे पैसे जातात कुठे? माझ्या पगाराचा वरचा थोडा भाग 40 टक्क्यांच्या टॅक्समध्ये जातो (50,270 पाउंडांच्या वरचा). तो भाग हातात न घेता ऑफिसमार्फत पेन्शनमध्ये टाकला, याला सॅलरी सॅक्रिफाइस म्हणतात, तर टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी वर्गणी, धरून 100 पाउंड टाकायला हातातले 58 च जातात. म्हणजे तोच 590 चा हप्ता हातातून गेला असं समजलं तर पेन्शनमध्ये हजाराच्या वर पडतात, चार वर्षांत 48 हजारांच्या पुढे, वाढ सोडून. कमी टॅक्सवाल्याला फायदा कमी, त्याचे 100 ला 72 जातात. आणि फुकट काहीच नाही: 2028 पासून 57 वर्षांच्या आत हात लावता येणार नाही, आणि काढताना पाव भाग सोडून बाकीवर टॅक्स आहे. जॅझलापण खर्च आहेच, दरवर्षी एमओटी म्हणजे गाडीची सक्तीची तपासणी, टायर, मागच्या हिवाळ्यात बॅटरी.

पण या सगळ्याचा फोटो काढता येत नाही, हाच प्रॉब्लेम. पेन्शनचा स्क्रीनशॉट स्टेटसला ठेवणारा माणूस मी अजून बघितला नाही. माझ्या आईला तर वाटतं माझी नोकरी गेलीये. "जुनीच गाडी आहे ना, काही लपवत नाहीस ना?" दर दोन फोनांनी हेच. मी पेन्शनचं सांगायला गेले तर म्हणाली तुझ्या बाबांची पेन्शन आहे की, तू कशाला काळजी करतेस.

कॉलेजच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, हे शेअर-पेन्शन सगळं कागद, वाकडला फ्लॅट घे, तिथे जाऊन हात लावून बघता येतो. हात लावता येतो हे खरंय. पण भाडं आणि होम लोनचा हप्ता यांच्यातलं अंतर दर महिन्याला आम्हालाच भरायचं असतं, ते त्याने लिहिलं नाही, आणि त्याचा स्वतःचा फ्लॅट रिकामा आहे की नाही हेही नाही.

नवऱ्याचं आणि माझं मात्र एका गोष्टीवर जमत नाही. उरलेले पैसे आम्ही आयसा या इथल्या बचत-गुंतवणुकीच्या खात्यात टाकतो, वर्षाला माणशी 20 हजारांपर्यंत, इथे वाढीवर टॅक्स नाही. पण परत यायचं ठरलं तर भारत आयसा मानत नाही, टॅक्ससाठी तिकडचे पूर्ण रहिवासी झालो की टॅक्स सुरू. तो म्हणतो यायच्या आधी सगळं विकून मोकळं होऊ. मी म्हणते आधी यायचंय की नाही ते ठरव.