बाँडचे पैसे आधीच परत आले म्हणून घाबरू नका

"कंपनीने २०३० चा बाँड आत्ताच बंद केला, म्हणजे कंपनी बुडतेय, सगळे बाँड विकून टाका."

नाशिकच्या ग्रुपांवर फिरतंय हे, पण तसं नाहीये. तो कॉलेबल बाँड आहे, म्हणजे कंपनी मुदतीआधीच पैसे परत करून तो बंद करू शकते, माहितीपत्रकात 'कॉल ऑप्शन'ची तारीख दिलेलीच असते, मी तेच उघडून बघितलं. समजा ९.५ टक्क्यांनी घेतलेलं कर्ज आता बाजारात ७.५ ला मिळतंय, तर कंपनी नवं काढून जुनं फेडणारच, आपण होमलोन ट्रान्सफर करतो तसंच. मुद्दल पूर्ण मिळतं, खरा फटका पुढे ते पैसे पुन्हा गुंतवताना बसतो, दहा लाखांवर वर्षाला ९५,००० यायचे तिथे आता ७५,०००च. म्हणून घेतानाच यील्ड टू कॉल विचारा, म्हणजे कॉलच्या तारखेलाच बाँड बंद झाला तर वर्षाला किती टक्के परतावा पडतो ते, आणि तो मेसेज प्लीज पुढे पाठवू नका.