आहेराची वही कशी जुळवावी: कार्य असलेल्या घरांसाठी काही सूचना

परवा रात्री साडेनऊला बायकोच्या मावसभावाचा फोन आला. मुलाचं लग्न उरकून त्यांना जेमतेम आठवडा झाला असेल. म्हणाला, "दाजी, वही जुळवायला बसलोय. एक पाकीट बिननावाचं निघालं, आत अकराशे एक. तुमचं का?" मी म्हटलं, आमच्या पाकिटावर नाव होतं आणि आत पाचशे एक होते. "हो हो, ते सापडलं," तो म्हणाला. "ते बघूनच वाटलं, दुसरंही एक असणार तुमचं. चौघं जेवायला होतात ना."

त्याच लग्नाची पत्रिका अजून आमच्या फ्रिजवर आहे. तळाशी सोनेरी अक्षरांत छापलंय, 'कृपया आहेर आणू नये. आपली उपस्थिती हाच आमचा आहेर.'

तेव्हा ज्यांच्या घरी येत्या तिथींना कार्य आहे, त्यांच्यासाठी अनुभवाचे चार बोल लिहून ठेवतो. लॉन बुक करायच्या आधी वाचा.

पत्रिकेवर 'आहेर आणू नये' हे जरूर छापा. यात कंजूष पाहुण्यांची सोय बघितली आहे असं समजू नका. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने 1925 साली देवाणघेवाणीवर मोठा निबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की भेटवस्तूला तीन बंधनं चिकटलेली असतात: ती द्यावी लागते, घ्यावी लागते आणि परत करावी लागते. परत करेपर्यंत घेणारा खाली आणि देणारा वर. आता तुम्ही गंगापूर रोडच्या लॉनवर हजार माणूस जेवू घातलं आणि वर 'आहेर नको' म्हणालात, तर परतफेडीची वाटच बुजवलीत. हजार माणसं कायमची तुमच्या उपकाराखाली. त्यात निघताना प्रत्येकाच्या हातात चांदीचा मुलामा दिलेली वाटी ठेवली, तर विचारायलाच नको. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जमातींमध्ये असाच पॉटलॅच नावाचा समारंभ असे. यजमान पाहुण्यांना ढिगाने घोंगड्या वाटायचा, मौल्यवान वस्तू सर्वांदेखत मोडायचा, आणि पुढच्या खेपेला प्रतिस्पर्ध्याला त्याहून जास्त उधळावं लागायचं. तिथल्या सरकारने 1885 पासून 1951 पर्यंत त्यावर कायद्याने बंदी घातली होती. नाशकात तसलं काही भय नाही.

आता 'आहेर नको' छापलंय म्हणून स्टेजच्या बाजूचं टेबल काढून टाकायचं नाही. टेबल, त्यावर लाल कापड, एक विश्वासू पुतण्या, एक चेनची बॅग आणि वही. जवळचे लोक देतातच, त्यांचं मन कसं मोडायचं? आणि टेबलावर पुतण्या पेन उघडून बसलेला दिसला की लांबचे लोकही जवळचे होतात.

वहीत रकाने नीट आखा. नाव, गाव, नातं, रोख की वस्तू. शेजारी जुनी वही ठेवा, म्हणजे आपण त्यांच्याकडे 2012 साली काय दिलं होतं ते लगेच कळतं. परत करताना तेवढीच रक्कम कधीही देऊ नये. पाचशे एकला पाचशे एक दिले की समोरच्याला वाटतं, यांनी हिशेब मिटवला, आता येणं-जाणं बंद. थोडं जास्त द्यायचं, म्हणजे बाकी त्यांच्या अंगावर राहते आणि नातं टिकतं. फार जास्तही देऊ नये, ते टोचतं. आणि दुसऱ्या दिवशी तर मुळीच परत करू नये. पुढचं लग्न, बारसं, वास्तुशांत येईपर्यंत थांबायचं. बिननावाचं पाकीट का सतावतं ते आता लक्षात आलं असेल. पैसे तर आले, पण ते कुणाला परत करायचे आणि कुणाच्या नावे मिरवायचे हेच ठाऊक नाही. असला आहेर म्हणजे घरात शिरलेला अनोळखी माणूस. त्यासाठी रात्री साडेनऊला फोन करणं भागच आहे.

फेटे सर्वांना बांधा, पण मानाच्या पाहुण्यांचा रंग वेगळा ठेवा.

ड्रोन घ्याच. अंतरपाटाच्या वेळी मंगलाष्टकं ऐकू आली नाहीत तरी बिघडत नाही.

मुहूर्त 12:35 चा छापा आणि दोन वाजता लावा. मधल्या वेळात माइकवरून आजी-माजी नगरसेवक, सोसायटीचे चेअरमन, बाजार समितीचे संचालक यांचे शाल-श्रीफळ सत्कार होऊ द्या. लोक उन्हात अक्षता मुठीत धरून उभे राहतात. त्यांना दुसरं काम काय?

साड्यांचा विषय जरा सविस्तर सांगायला हवा, कारण सगळ्यात जास्त माणसं इथे दुखावतात आणि इथेच दुखावायची असतात. तीन प्रतीच्या साड्या आणा. विहीणबाईंना येवल्याची हातमागाची पैठणी. आत्या, मामी, थोरल्या जावा यांना पैठणीसारखी दिसणारी, यंत्रमागावरची. उरलेल्यांना देण्याघेण्याची. ही देण्याघेण्याची साडी दुकानात वेगळी मागावी लागते, आणि दुकानदारही ती वेगळ्या कपाटातून काढतो. ती नेसायची नसते. ती या लग्नातून त्या लग्नात जाते आणि घडी मोडेपर्यंत नवीच राहते. मॉसच्या तिन्ही अटी ती एकटी पाळते. फरक कसा ओळखायचा? खऱ्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तर नक्षी मागूनही तशीच स्वच्छ दिसते. यंत्रावरच्या साडीला बहुतेक वेळा मागे सुटे धागे लोंबतात. म्हणून मामी पॅकेट घेतल्या घेतल्या बाजूला जातात आणि पदर उलटतात. पुढची दहा वर्षं कुणी कुणाकडे जायचं नाही ते त्या कोपऱ्यात ठरतं. आपली आई, जिने हे वाटप केलं, ती तेव्हा स्टेजवर फोटोसाठी हसत उभी असते. तिने तरी काय करावं? तिच्या लग्नात तिच्या आईला जी साडी मिळाली होती, ती तिला अजून आठवते.

मुलाची बाजू असेल तर सर्वांत मोलाची सूचना ही, की बैठकीत तोंडाने काही मागू नका. एकच वाक्य म्हणा: "आम्हाला काही नको, फक्त लग्न तेवढं चांगलं करून द्या." बास. रक्कम कुणी उच्चारत नाही, त्यामुळे हुंडा म्हणायची सोय राहत नाही. मग 'चांगलं' याचा अर्थ हळूहळू फोनवर उलगडत न्यायचा. लॉन एसी हॉलसकट हवं. आमच्याकडची सातशे माणसं आहेत. ताट साध्याचं नको, लोकांना मेनू दाखवावा लागतो. घोडा नको, आता विंटेज गाडी असते.

थॉर्स्टाइन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1899 मध्येच हे मांडून ठेवलंय. प्रतिष्ठा उपयोगाच्या खर्चातून मिळत नाही, कारण उपयोगाचा खर्च कुणीही करतो. चारचौघांत काहीतरी वाया गेलेलं दिसलं, तरच लोकांना पटतं की या घराला तेवढं परवडतं. म्हणून पंचवीस पदार्थ, म्हणून ताटात टाकलेला पनीर, म्हणून तीन तासांसाठी उभारलेली आणि संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत गेलेली फुलांची कमान. पण व्हेब्लेनच्या श्रीमंताला निदान स्वतःच्या खिशातून उधळावं लागायचं. आपल्याकडे उधळतो एक आणि मिरवतो दुसरा.

याच लग्नाचा हिशेब करू. ताट साडेसहाशेचं होतं, हे मला मावसभावानेच फोनवर सांगितलं. चौघांचे सव्वीसशे झाले आणि तुम्ही दिले पाचशे एक, असं त्याला सुचवायचं होतं. पण ती ताटं कुणाची होती? लॉन, जेवण, मंडप, सगळं मुलीच्या वडिलांनी दिलेलं. निफाडकडचा माणूस, दीड एकर द्राक्षबाग. मुलाकडच्या सातशे माणसांच्या नुसत्या ताटांचे झाले चार लाख पंचावन्न हजार. लॉनवर टेबलं दोन होती, वह्या दोन होत्या. आमचं पाकीट गेलं मुलाकडच्या वहीत. म्हणजे मी जेवलो त्या माणसाच्या पैशांनी, आणि आहेर पडला याच्या बॅगेत. ज्याचं अन्न खाल्लं त्याला माझा एक रुपया मिळाला नाही, आणि ज्याचा एक रुपया खर्च झाला नाही तो मला ताटाचा दर ऐकवतोय! आणि घरटी एक पाकीट धरलं तर सातशे माणसांची दोनशे पाकिटं. सरासरी पाचशे धरा, लाखभर रुपये. एका बापाने साडेचार लाख घातले तेव्हा दुसऱ्या बापाच्या बॅगेत एक लाख आले, आणि त्यात एक पाकीट जुळत नाही म्हणून याला झोप नाही.

त्या बागायतदाराने पतसंस्थेचं कर्ज काढलंय. हे सगळ्यांना माहीत आहे. जेवताना आमच्याच पंगतीत बोलत होते लोक, गुलाबजाम वाढून घेता घेता. यंदा बागेवर पाऊस झाला, भाव पडला, तरी माणसाने मागे हटून चालत नाही म्हणे. कुठे हटायचं त्याने? हटला तर 'मुलीच्या बापाने लग्न हलकं केलं' हे वाक्य त्या पोरीला सासरी किती वर्षं ऐकावं लागेल, हे त्याला कळत नाही का? तुम्ही त्याला पर्याय ठेवलात का? "फक्त लग्न चांगलं करून द्या" म्हणणारे तुम्ही. मागितलं नाही असं कुणाला सांगता? लाज वाटू द्या जरा.

आणि वही लिहायची एवढी हौस असेल, तर एक यादी कायद्यानेच सांगितली आहे. हुंडाबंदीचा कायदा 1961 चा. हुंडा देणं आणि घेणं दोन्ही गुन्हा, शिक्षा किमान 5 वर्षं. वधूवरांना मिळालेल्या भेटींची यादी ठेवायचे नियम 1985 चे. लग्नाच्या वेळी किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर ती लिहायची. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातेवाईक असेल तर नातं. खाली वधू आणि वर दोघांच्या सह्या. वधूला मिळालेल्याची यादी वधूकडे राहते. माझ्या नात्यात एवढी लग्नं झाली, मी ही यादी एकाही घरात पाहिलेली नाही. पाचशे एक रुपयांची नोंद चुकत नाही, आणि सुनेच्या अंगावरच्या पाच तोळ्यांची कुठे नाही. उद्या काही बिनसलं तर ती मुलगी कोर्टात कशाच्या आधारे सांगणार, की पाटल्या माझ्या आईने घातल्या आणि हार मामाने? तेव्हा हेच लोक म्हणणार, "दागिने? कुठले दागिने?"

पुतण्याला बोलवा, वही पुन्हा उघडा, नवं पान घ्या. सूनबाईंना शेजारी बसवा आणि त्या सांगतील तसं लिहा. दोघांच्या सह्या घ्या, कागद त्यांच्या हातात द्या, आणि एक झेरॉक्स निफाडला पाठवा.