इनकमिंग एकाच टोकाला लागतं

फिरत आलेला मेसेज असा: "व्हीपीएनला पोर्ट फॉरवर्डिंग नसेल तर टॉरेंट डाउनलोड होतच नाही, झालं तर रडतखडत. चालू केलं की स्पीड दुप्पट. जी कंपनी देत नाही ती फसवी. आणि घरच्या राउटरवर पोर्ट उघडला तरी तेच काम फुकटात होतं. सर्वांना पाठवा."

सांगली-साताऱ्याच्या तीन ग्रुपांवर मला हा आला. यातल्या पहिल्या वाक्यात थोडं तथ्य आहे, म्हणून तिथंच जास्त वेळ थांबतो.

आपल्या जुन्या मोबाइलची भाषा वापरतो. टॉरेंटमध्ये दोन कॉम्प्युटर जोडले जायचे तर एकानं फोन लावायचा आणि दुसऱ्यानं उचलायचा. जोडणी झाली की डेटा दोन्हीकडं वाहतो, मग फोन कुणी लावला याला महत्त्व उरत नाही. व्हीपीएन चालू असलं की तुमचा डेटा एका बोगद्यातून कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि तिथल्या पत्त्यावरून बाहेर पडतो. सर्व्हरचा तो एकच पत्ता कितीतरी गिऱ्हाइकं मिळून वापरतात. बाहेरून फोन आला तर तो कुणाला जोडायचा हे सर्व्हरला कळत नाही, म्हणून तो टाकून देतो. म्हणजे तुमचं आउटगोइंग चालू असतं, इनकमिंग बंद. पोर्ट फॉरवर्डिंग म्हणजे कंपनीनं त्या पत्त्यावरचा एक एक्स्टेन्शन नंबर फक्त तुमच्या नावावर लावून देणं.

आता उबुंटूची किंवा डेबियनची आयएसओ फाइल उतरवून बघा. तिथं शेकडो सीडर, म्हणजे पूर्ण फाइल जवळ ठेवून इतरांना देणारे, असतात आणि त्यातल्या पुष्कळांचं इनकमिंग चालू असतं. तुम्ही फोन लावता, ते उचलतात, फाइल धो धो येते. तुमचा पोर्ट उघडा आहे का, हे कुणी विचारतसुद्धा नाही. इंटरनेट अर्काइव्हच्या टॉरेंटमध्ये तर वेबसीड असतो. एकही सीडर भेटला नाही तरी फाइल त्यांच्या सर्व्हरवरून साध्या डाउनलोडसारखी उतरते.

अडतं ते सीडर एकदोनच असतात तेव्हा. आमचंच उदाहरण देतो. सांगली नाट्यपंढरी, त्यामुळं जुनी नाटकाची पुस्तकं इथं माळ्यावर सापडतात. लेखक जाऊन साठ वर्षं उलटलेली, म्हणजे कॉपीराइट संपलेली पुस्तकं आम्ही चौघांनी स्कॅन केली. सगळं मिळून ३८ जीबी झालं. टॉरेंट बनवलं, विश्रामबागेतल्या माझ्या कॉम्प्युटरवरून सीड लावलं, आणि साताऱ्यात शाहूपुरीत राहणाऱ्या मामेभावाला लिंक पाठवली. रात्री त्याचा फोन:

"दादा, शून्य टक्क्यावरच बसलंय. तुझा कॉम्प्युटर चालू आहे ना?"

"चालू आहे की. सीड्सच्या रकान्यात काय दिसतंय?"

"0 (1)."

त्या आकड्यातच सगळं आलं. कंसातला एक म्हणजे ट्रॅकरला, फाइल कुणाकडं आहे याची यादी ठेवणाऱ्या सर्व्हरला, ठाऊक असलेला सीडर, तो मी. कंसाबाहेरचं शून्य म्हणजे त्यातले प्रत्यक्ष जोडलेले किती. त्याला माझा पत्ता माहीत होता, मला त्याचा. पण मी व्हीपीएनमागं, तो केबलवाल्याच्या सामायिक पत्त्यामागं, आणि दोघांचंही इनकमिंग बंद. रात्रभर दोघं एकमेकांना फोन लावत बसलो असतो. दोन बंद टोकं जोडायची होल पंचिंग नावाची एक युक्ती टॉरेंट क्लायंटमध्ये, म्हणजे टॉरेंट उतरवणाऱ्या ॲपमध्ये, असते, पण तिला दोघांशीही आधीपासून जोडलेला तिसरा मध्यस्थ लागतो. आमच्यात तिसरा कुणी नव्हताच.

इनकमिंग दोघांपैकी एकाचं उघडलं तरी भागतं, आणि माझ्या मते ते सीडरनं उघडावं. मी पैसे भरून नंबर घेतला की माझ्याकडून उतरवणाऱ्या प्रत्येकाची सोय होते. भावाला तर व्हीपीएनचीसुद्धा गरज उरत नाही. मेसेजमध्ये नेमकं उलटं बसलंय, उतरवणाऱ्यालाच खर्चात पाडलंय.

मी प्रोटॉनचं व्हीपीएन घेतलं होतं. त्यांच्याकडं ही सोय पैसे भरलेल्या प्लॅनवर, पीटूपीची खूण असलेल्या सर्व्हरवर मिळते. विंडोजच्या ॲपमध्ये बटण चालू केलं की नंबर समोर दिसतो. लिनक्सवर वायरगार्ड हातानं लावलं असेल तर तो असा मागावा लागतो:

```
natpmpc -a 1 0 udp 60 -g 10.2.0.1
natpmpc -a 1 0 tcp 60 -g 10.2.0.1
```

यातला ६० म्हणजे सेकंद. नंबर तेवढ्याच वेळापुरता मिळतो, म्हणून दर ४५ सेकंदांनी पुन्हा मागणारी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवायची. मिळालेला नंबर क्यूबिटटोरेंट या क्लायंटमध्ये Port used for incoming connections या चौकटीत जसाच्या तसा टाकायचा, कारण ट्रॅकरला क्लायंट हाच नंबर सांगतो. विंडोजच्या फायरवॉलमध्येही क्लायंटला परवानगी हवी. झालं की नाही हे पीअर्सच्या यादीत कळतं: फ्लॅग्जच्या रकान्यात I दिसला, म्हणजे समोरच्यानं लावलेला फोन आपल्यापर्यंत पोचला. भावाच्या ओळीपुढं तो I उमटला आणि त्याच्याकडं 1 (1) झालं.

स्पीड दुप्पट झाला का? माझी लाइन ५० एमबीपीएसची, म्हणजे सेकंदाला फार तर सहा एमबी. भारतातल्या व्हीपीएन कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नोंद पाच वर्षं ठेवावी, असा आदेश सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं एप्रिल २०२२ मध्ये काढला. त्यानंतर प्रोटॉनसकट काही मोठ्या कंपन्यांनी इथले सर्व्हर हलवले, म्हणून माझा डेटा सिंगापूरला वळसा घालून साताऱ्याला गेला. सेकंदाला पावणेतीन एमबीच्या आसपास पडले, चार तास लागले. पेनड्राइव्ह एसटीनं पाठवला असता तर आधी पोचला असता! पोर्टमुळं शून्याचं काहीतरी झालं, एवढंच. ज्या टॉरेंटला आधीच भरपूर सीडर आहेत तिथं तुमची लाइन भरलेलीच असते, तिला पोर्ट रुंद करत नाही.

फसव्या कंपनीबद्दल फार बोलायला नको. मुलव्हाडनं १ जुलै २०२३ पासून ही सोय काढून टाकली, आयव्हीपीएननंही त्याच वर्षी. मुलव्हाडनं कारण उघड सांगितलं: काही लोक त्या पोर्टवर नको ते होस्ट करत होते, आणि त्यांच्यापायी सर्व्हरचे पत्ते ब्लॅकलिस्टमध्ये जाऊन बाकीच्या गिऱ्हाइकांना त्रास होत होता. हा धोरणाचा निर्णय झाला, त्यात फसवणूक कुठं आली? नुसतं उतरवणाऱ्याचं तिथंही काही अडत नाही.

राहिला राउटर. भावानं मेसेज वाचून तेही करून पाहिलं होतं, जमलं नाही. राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरला केबलवाल्याकडून मिळालेला पत्ता, बघा. तो 100.64 ते 100.127 यांपैकी कशानंही सुरू होत असेल, किंवा बाहेरच्या वेबसाइटवर दिसणाऱ्या तुमच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर खरं दार केबलवाल्याकडं आहे. तुम्ही फक्त आपल्या खोलीची कडी काढलीत. त्याच्याकडून वेगळे पैसे भरून स्टॅटिक आयपी घेतला तर मात्र राउटरवरचा पोर्ट चालतो, आणि मग या कामाला व्हीपीएन लागत नाही. पण कॉम्प्युटरवर व्हीपीएन चालू असताना राउटरवरच्या पोर्टचा उपयोग नाही, कारण व्हीपीएनच्या पत्त्यावर लावलेला फोन बोगद्यातून येतो आणि राउटरला तो वेगळा दिसतच नाही.

आमचं दुसऱ्या आठवड्यात पुन्हा 0 (1) झालं. लाइट गेली होती, व्हीपीएन नव्यानं जोडलं गेलं आणि नंबर बदलला, पण क्यूबिटटोरेंटमध्ये जुनाच राहिला. आता लाइट आली की मी आधी नंबर ताडून बघतो, मग चहा टाकतो.